एका व्यक्तीसाठीचे इंग्रजी ‘दे’ मराठीत आणताना

प्रश्न: आमच्या ऐरोलीच्या संस्थेत किरण यांचा इंग्रजी परिचय मराठीत आणायचा आहे. मूळ मजकुरात त्यांच्यासाठी सगळीकडे ‘दे’ हे लिंग न सांगणारे इंग्रजी सर्वनाम आहे. मराठीत क्रियापदच लिंग सांगते, मग काय करावे?

उत्तर: मी ठाण्यात राहते आणि संस्थांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करते. ‘दे’च्या जागी सरसकट ‘ते’ लिहू नका, कारण एका व्यक्तीसाठी आलेले ‘ते’ मराठी वाचकांना आदरार्थी पुल्लिंगीच वाटते. मात्र ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखीच असतात, म्हणून वाक्ये या रूपांकडे वळवावीत आणि जिथे ‘ते’ किंवा ‘त्या’ यावे लागेल तिथे सरळ नाव पुन्हा लिहावे.

आदरार्थी अनेकवचन घेतले की निम्मे काम होते. ‘किरण कळव्यात राहतात’, ‘किरण समुपदेशन करतात’, ‘पुढील महिन्यात प्रशिक्षण घेतील’ यांत लिंग कुठेच दिसत नाही. अडचण येते ती मुख्यतः भूतकाळात. ‘किरण २०२१ मध्ये रुजू झाले’ किंवा ‘झाल्या’ यांपैकी एक निवडावेच लागते, कारण क्रियापद अकर्मक असल्यामुळे ते कर्त्याप्रमाणे बदलते. त्याऐवजी ‘किरण यांनी २०२१ मध्ये येथे कामाला सुरुवात केली’ असे लिहिले, तर ‘केली’ हे रूप ‘सुरुवात’ या शब्दाप्रमाणे चालते आणि कर्त्याचे लिंग उघड होत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. म्हणणे, विसरणे, शिकणे ही क्रियापदे कर्म घेत असली तरी भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालतात. म्हणून ‘किरण म्हणाले’ टाळून ‘किरण यांनी सांगितले’ लिहावे, आणि ‘मराठी टंकलेखन शिकल्या’ टाळून ‘मराठी टंकलेखनाचे शिक्षण घेतले’ असे लिहावे. विशेषणांकडेही लक्ष असू द्या. ‘चांगले’ आणि ‘चांगल्या’ यांतून लिंग कळते, तर ‘उत्तम’ किंवा ‘अनुभवी’ बदलत नाही.

‘करण्यात आले’ ही कार्यालयीन पळवाट मात्र मला अजिबात पटत नाही, कारण तिच्यामुळे काम कोणी केले हेच वाक्यातून नाहीसे होते, आणि परिचयात तर नेमके तेच सांगायचे असते.

मसुदा झाला की नावाच्या जागी एकदा ‘सुनील’ आणि एकदा ‘सुनीता’ ठेवून तो मोठ्याने वाचा. जे वाक्य कानाला खटकेल, त्यात लिंग शिल्लक आहे.

परिचयात किरण यांचे स्वतःच्या शब्दांतले अवतरण असेल, तर ही युक्ती फार पुढे नेता येत नाही. ‘मी करत आहे’, ‘मी करीन’, ‘मी ठरवले’ ही रूपे सोय करून देतात, पण ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांत निवड अटळ असते. ती अनुवाद करणाऱ्याने आपल्या मनाने करू नये. किरण मराठी बोलत असतील, तर स्वतःबद्दल बोलताना कोणते रूप वापरतात, हे त्यांनाच विचारा आणि तसेच छापा.