बेसखाली साधा माल की नॉन-श्रिंक ग्राउट?

प्रश्न: अंबडच्या शेडमध्ये पॉवर प्रेस बसवतोय. बेसखाली ५० मिमी गाळा आहे. मिस्त्री म्हणतो, सिमेंट-वाळूचा पातळ माल ओतू, ग्राउटच्या बॅगांवर कशाला खर्च? खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि तो पहिल्या काही तासांतच पडतो. माल पुढे महिनोन्‌महिने सुकताना आकसतो हे खरं, पण ५० मिमी जाडीत ते आकसणं अगदी किरकोळ असतं. खरी गडबड ओल्या मालात होते. सिमेंट आणि वाळू खाली बसतात, पाणी वर येऊन प्लेटच्या पोटाला साचतं. पुढे ते पाणी उडून जातं आणि तिथे फट राहते. ५० मिमीचा थर एक टक्का जरी खाली बसला तरी अर्धा मिमी झाला. ग्राउटमध्ये हे पाणी वर येऊ नये अशी सोय असते, आणि घट्ट होईपर्यंत तो किंचित फुगून प्लेटला चिकटून राहतो.

सातपूरला आमच्या एका प्रेसचे बोल्ट दर पंधरवड्याला ढिले पडायचे. आम्ही नट बदलले, वॉशर बदलले. शेवटी बेसवर हातोडी ठोकत गेलो, तर कडेला ठणठणीत आणि मध्ये पोकळ आवाज. कडेचा थोडा माल फोडून फीलर गेज घातला, ०.३० मिमीची पात सरळ आत गेली. गंमत म्हणजे तो नॉन-श्रिंक ग्राउटच होता. गवंड्याने ‘नीट वाहत नाही’ म्हणून बादलीत मग्गाभर पाणी वाढवलं होतं. जास्त पाणी घातलं की महागडी बॅग साध्या मालासारखीच वागते.

तुमचा बेस समजा १.२ बाय ०.८ मीटर आहे. ५० मिमी गाळ्याला ४८ लिटर ग्राउट लागेल. २५ किलोच्या बॅगेतून साधारण साडेबारा लिटर निघतो, म्हणजे चार बॅगा. पाचवी हाताशी ठेवा, कारण मध्येच थांबून चालत नाही. आदल्या दिवशी काँक्रीटला टाकी लावून वरचा दुधाळ थर काढा, रात्रभर भिजत ठेवा आणि ओतण्याआधी साचलेलं पाणी पुसून घ्या. कोरडं काँक्रीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेतं. पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच, मापाने; ढवळायला ड्रिलचा मिक्सर घ्या, थापी नको.

ओतायचं एकाच बाजूने, समोरून बाहेर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलं की मध्ये हवा कोंडते. व्हायब्रेटर लावू नका, अडलं तर पट्टी किंवा साखळी आतून ओढा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी तर अजिबात नको, सकाळी सातला सुरू करा. उघड्या कडा गोणपाटाने निदान तीन दिवस ओल्या ठेवा.

मिस्त्रीचं एक मात्र बरोबर आहे: कामाच्या टेबलाखाली किंवा लोखंडी रॅकच्या पायाखाली घट्टसर माल ठासून भरला तरी भागतं. प्रेसखाली नाही.