आलेखावर स्पर्शिका काढून त्या क्षणाचा दर कसा काढायचा?

«मी नाशिकला अकरावीत आहे. गरम पाणी निवतानाचा आलेख काढलाय. बरोबर दहाव्या मिनिटाला ते किती वेगाने निवत होतं? ६१ भागिले १० केलं तर सर चूक म्हणाले.»

सरांचं बरोबर आहे. ६१ हे त्या वेळचं तापमान आहे, त्यात झालेला बदल नाही.

दहाव्या मिनिटाच्या बिंदूवर सपाट आरसा कागदावर उभा ठेवून वक्राला आडवा छेदेल असा धर. वक्र आणि त्याचं प्रतिबिंब न मोडता सलग दिसेपर्यंत आरसा फिरव. आरशाच्या कडेने रेघ मार आणि तिला काटकोनात त्या बिंदूतून दुसरी रेघ काढ. ती तुझी स्पर्शिका. नुसत्या अंदाजाने पट्टी ठेवण्यापेक्षा मला हीच पद्धत भरवशाची वाटते.

आता स्पर्शिका दोन्हीकडे लांब वाढव. समजा ती ० मिनिटाला ७९.५ अंशांवर आणि २० मिनिटांना ४३ अंशांवर आली. चढ = (४३ − ७९.५) ÷ २० ≈ −१.८. म्हणजे पाणी त्या क्षणी मिनिटाला सुमारे १.८ अंशांनी निवत होतं. वाचन नेहमी स्पर्शिकेवरून घे, वक्रावरून नाही.

त्रिकोण मोठाच हवा. वाचनात एका अंशाची चूक झाली, तर २ मिनिटांच्या पायावर उत्तर ०.५ ने हलतं, २० मिनिटांच्या पायावर फक्त ०.०५ ने. कोनमापकाने कोन मोजून मात्र चढ काढू नकोस, कारण दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं असतं.

आणि निवण्याचा वक्र खाली फुगलेला असतो, म्हणून स्पर्शिका दोन्ही बाजूंना त्याच्या खालीच राहायला हवी. कुठे वक्राला छेदून वर गेली, तर पुन्हा काढ.