‘विनंती स्वीकारली’ म्हटले की मुदत सुरू होते

प्रश्न : मी एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत ग्राहक सेवेची इंग्रजी उत्तरे मराठीत करतो. परताव्याचे ठरलेले उत्तर असे आहे : ‘युवर रिटर्न रिक्वेस्ट हॅज बीन रिसीव्ड. रिफंड्स आर युज्वली प्रोसेस्ड विदिन फाइव्ह टु सेव्हन बिझनेस डेज.’ मी त्याचे केले : ‘आपली परतीची विनंती स्वीकारण्यात आली आहे. ५ ते ७ दिवसांत पैसे आपल्या खात्यात जमा होतील.’ एका ग्राहकाला वस्तू बिघडलेली मिळाली. त्याने सोमवारी, ३ तारखेला विनंती केली. वस्तू १० तारखेला गोदामात आली, ११ला तपासली, १२ला आम्ही पैसे पाठवले आणि १८ला ते त्याच्या खात्यात जमा झाले. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : ‘सात दिवसांची लेखी हमी मोडली, नुकसानभरपाई द्या.’ नोटीस येऊन तीन आठवडे झाले, अजून उत्तर दिलेले नाही. ‘होतील’च्या जागी ‘होऊ शकतील’ केले आणि खाली ‘वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ अशी टीप टाकली, तर पुढे अडचण येणार नाही ना?

उत्तर : ‘होतील’कडे नंतर येऊ. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्याच्या आधीच्या वाक्यात आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलेच नाही.

मूळ उत्तरात कंपनी म्हणते की विनंती मिळाली. तुम्ही लिहिले, ‘स्वीकारण्यात आली’. मराठीत ‘अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख’ म्हणतो तेव्हा अर्ज फक्त हातात घेतलेला असतो. पण ‘तुमची मागणी स्वीकारली’ म्हटले की ती मान्य झाली. पैसे परत मागणारा माणूस दुसराच अर्थ घेणार, आणि त्याने तो घेतला यात त्याची काही चूक नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ४(१०) सांगतो की परताव्याच्या मान्य झालेल्या विनंत्यांचे पैसे रिझर्व्ह बँकेने किंवा अन्य सक्षम यंत्रणेने ठरवल्याप्रमाणे, वाजवी वेळेत दिले पाहिजेत. म्हणजे हे बंधन विनंती मान्य झाल्यावर सुरू होते. तुम्ही ते ३ तारखेलाच, वस्तू ग्राहकाच्या घरातून निघण्याआधीच, सुरू करून दिले.

आता तारखा लावून पाहा. मराठी उत्तर जसे आहे तसे वाचले, तर मुदत ३ तारखेला सुरू होते. ‘कामकाजाचे’ हा शब्द तुम्ही गाळला, त्यामुळे शनिवार-रविवारही मोजले जातात आणि सात दिवस १० तारखेला संपतात. त्या दिवशी वस्तू नुकती तुमच्या गोदामात पोहोचली होती. १८ तारखेला जमा झालेले पैसे आठ दिवस उशिराचे ठरतात. कंपनीच्या मनात होते ते मोजायचे, तर विनंती तपासणीनंतर, मंगळवारी ११ तारखेला मान्य झाली. शनिवार-रविवार सोडून सात दिवस मोजले की गुरुवार, २० तारीख येते. तीच १८ तारीख आता मुदतीच्या आत बसते. म्हणजे पैशांना उशीर झाला की नाही, हे तुमच्या पहिल्या वाक्यातल्या एका क्रियापदावर ठरते. ‘होतील’चे ‘होऊ शकतील’ केले असते, तरी मोजणी ३ तारखेपासूनच झाली असती.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. विक्रीचा करार खरेदीच्या वेळी होतो. नंतर ग्राहक सेवेने पाठवलेले उत्तर हा नवा करार आहे का, यावर वकील बराच वेळ वाद घालू शकतात. ग्राहक आयोगात त्याचा उपयोग कमी, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेतील त्रुटीची व्याख्या, म्हणजे कलम २(११), फक्त करारापुरती नाही. करारानुसार ‘किंवा अन्यथा’ जे करण्याचे पत्करले, त्यातली उणीवही तिच्यात येते. तुमचे लेखी उत्तर या ‘अन्यथा’त बसवणे ग्राहकाच्या वकिलाला अवघड नाही. आठ दिवसांच्या उशिराची भरपाई किती धरली जाईल, हे मात्र ग्राहकाला प्रत्यक्ष काय सोसावे लागले यावर जाईल. ती मोठी असेल असे मला वाटत नाही.

आता ‘होऊ शकतील’. हा शब्द मला मुळीच पसंत नाही. ‘पैसे जमा होऊ शकतील’ यातून कंपनी काय करणार आहे तेच कळत नाही, आणि संदिग्ध मजकुराचा अर्थ साधारणपणे तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. शिवाय मोघम लिहून मुदत टळत नाही. बिघडलेली वस्तू परत न घेणे किंवा तिचे पैसे बिलात, कॅश मेमोत किंवा पावतीत लिहिलेल्या मुदतीत न देणे, आणि अशी मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत न देणे, ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. तुम्ही ‘लवकरात लवकर’ लिहा नाहीतर ‘शक्यतो’, कायदा आपले ३० दिवस मोजतोच. तेव्हा आधी या ग्राहकाचे बिल काढा आणि त्यावर परताव्याची काही मुदत छापलेली आहे का ते बघा. असेल, तर या वादात तिचे वजन तुमच्या उत्तराहून जास्त आहे.

मूळ वाक्याला ‘होतील’ लागत नव्हतेच. त्यात नेहमी काय घडते ते सांगितले आहे, आणि त्यासाठी मराठीत नेहमीचा वर्तमानकाळ आहे : ‘साधारणपणे इतक्या दिवसांत होतात.’ तुम्ही ‘साधारणपणे’ गाळले, काळ बदलला, ‘प्रोसेस’ म्हणजे कंपनीकडून रक्कम रवाना होणे हे सोडून थेट ‘खात्यात जमा’ लिहिले आणि ‘आपल्या’ घालून ते या एका ग्राहकाला दिलेले वचन केले. मूळ वाक्यातले कंपनीचे काम १२ तारखेलाच झाले होते. त्यापुढचे सहा दिवस बँकेचे होते, आणि तुमच्या वाक्याने ते कंपनीच्या अंगावर घेतले.

म्हणून नव्या उत्तरात कंपनीचे काम आणि बँकेचे काम वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा. आपल्या हातात आहे ते स्पष्ट भविष्यकाळात लिहा आणि पाळा. दुसऱ्याच्या हातात आहे त्याची माहिती द्या, हमी देऊ नका. विनंती आल्यावर जाणारा मजकूर असा असू शकतो :

‘आपली परतीची विनंती आम्हाला मिळाली आहे. ती अद्याप मंजूर झालेली नाही. वस्तू आमच्या गोदामात पोहोचल्यानंतर कामकाजाच्या २ दिवसांत आम्ही ती तपासू आणि निर्णय आपल्याला कळवू.’

तपासणीत मंजुरी मिळाली की त्याच दिवशी दुसरे उत्तर जाऊ द्या :

‘आपला परतावा आज मंजूर झाला आहे. कामकाजाच्या ३ दिवसांत आम्ही रक्कम आपण पैसे भरलेल्या मूळ मार्गाने परत पाठवू आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कळवू. रक्कम पाठवल्यानंतर ती खात्यात दिसायला साधारणपणे कामकाजाचे ५ ते ७ दिवस लागतात. हा वेळ बँकेनुसार कमी-जास्त होतो. कामकाजाचे दिवस म्हणजे शनिवार, रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या सोडून.’

यातले २ आणि ३ हे आकडे मी नमुन्यासाठी घातले आहेत. तुमच्या गोदामाला आणि हिशेब विभागाला विचारून, ते गर्दीच्या हंगामातही पाळू शकतील तेच आकडे लिहा. ५ ते ७ दिवस हा आकडा बँकेच्या वेळेचा आहे की तुमच्या कंपनीच्या आतल्या कामाचा, हेही विचारून घ्या. मूळ इंग्रजी उत्तरातल्या ‘प्रोसेस’वरून ते कंपनीचे काम वाटते, पण तसे स्पष्ट सांगितलेले नाही, म्हणजे तुमच्याकडे आलेला मजकूरच अर्धवट होता. असा मजकूर आला की भाषांतर करण्याआधी तो परत पाठवा. मुदत कधीपासून मोजायची, दिवस कोणते धरायचे आणि काम कोणाचे, या तिन्हींची उत्तरे लेखी आल्याशिवाय मराठी मजकूर बाहेर जाऊ देऊ नका.

संदर्भ क्रमांक देताना हात आखडू नका. कार्डाच्या परताव्याला एआरएन असतो, यूपीआयच्या व्यवहाराला आरआरएन. तो क्रमांक घेऊन ग्राहक आपल्या बँकेत विचारणा करू शकतो, आणि कंपनीने रक्कम नेमकी कधी सोडली याचा पुरावा त्याच्याच हातात राहतो. अशा क्रमांकासह गेलेल्या ‘साधारणपणे’ला आयोगापुढे अर्थ राहतो. क्रमांक नसेल तर ती पळवाट दिसते.

‘इंग्रजी मजकूर ग्राह्य’ ही टीप टाकू नका. मराठीत विचारणाऱ्या माणसाला तुम्ही मराठीत उत्तर दिले. त्याने न पाहिलेल्या इंग्रजी वाक्याने तो कसा बांधला जाईल? दोन कंपन्यांनी वाटाघाटी करून केलेल्या करारात असे कलम चालते. ग्राहकाला पाठवलेल्या चार ओळींखाली ते टाकलेत, तर मराठीत एक सांगायचे आणि इंग्रजीत दुसरे राखून ठेवायचे, असा संशय तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल.

आणि या नोटिशीवर तुम्ही तीन आठवडे बसलात, ते मला मजकुरातल्या चुकीहून जास्त खटकते. नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून कोणी हरत नाही, पण मिटवण्याची सर्वांत स्वस्त वेळ तुम्ही हातची घालवत आहात. तक्रार दाखल झाली आणि आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाली, की लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस असतात आणि आयोगाने दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे कायमचे ठरवून टाकले आहे. ज्या कायद्यात तक्रारी तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे, त्याच कायद्याखालची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून असतात, ही संतापजनक गोष्ट आहे. पण आयोगाचा उशीर तुमच्या ४५ दिवसांना लागू होत नाही.

या आठवड्यात कंपनीच्या वकिलामार्फत उत्तर जाऊ द्या. त्यात १०, ११, १२ आणि १८ या तारखा, १२ तारखेच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाला दाखवलेले परतीचे धोरण जोडा. त्या धोरणात ‘तपासणीनंतर परतावा’ असे मराठीत किंवा ग्राहकाने वाचलेल्या भाषेत असेल, तर तुमची बाजू बरीच सावरते. नसेल, तर गैरसमजाबद्दल खेद व्यक्त करून त्या आठ दिवसांचे व्याज आणि नोटिशीचा वाजवी खर्च द्यायची तयारी दाखवा. मराठी उत्तर पाठवलेच नाही किंवा त्याचा अर्थ वेगळा होता, असे काही त्यात लिहू नका. जुना मजकूर बदलण्याआधी तो त्याच्या तारखेसह जसाच्या तसा जपून ठेवा, कारण तोच मजकूर आणखी किती ग्राहकांना गेला आहे हे वकील पहिल्याच भेटीत विचारतील.