आठवीच्या वर्गात डेव्हिड

"आठवीला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा नग्न पुतळा शिकवायचाय. फोटो कापून दाखवू का? पालकांची भीती वाटते."

पूर्ण दाखवा, पण आधी पालकांना फोटोसकट चिठ्ठी पाठवा. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या टॅलहासीत याच पुतळ्यावरून मुख्याध्यापिकेला पद सोडावं लागलं. पालकांना आगाऊ कळवलं नव्हतं, हा तिथला एक मोठा आक्षेप.

कापलेला फोटो मुलं मोबाइलवर शोधणारच. त्यापेक्षा झाकण्याचाच धडा घ्या. १८५७ मध्ये डेव्हिडची प्लास्टरची प्रत राणी व्हिक्टोरियाकडे भेट आली; राणीनं ती संग्रहालयाला दिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राजघराण्यातल्या स्त्रिया येणार असल्या, की त्या प्रतीवर प्लास्टरचं अंजिराचं पान दोन हुकांना अडकवत. ते पान अजून तिथेच, वेगळं मांडलेलं आहे. त्याचा फोटो दाखवा. वर्ग हसेल, हसू द्या. मग विचारा: पान लावल्यावर नजर कुठे जाते?