आरोग्य विम्याची पॉलिसी आली, पुढे काय? : वाचकांची प्रश्नोत्तरे

पॉलिसीची तीस-चाळीस पानं आहेत. सगळी वाचायची का?
आधी शेड्युल, म्हणजे तुमच्या तपशिलाचं पान, वाचा. नावं, जन्मतारखा, विमा रक्कम, आधीचे आजार आणि पहिल्या पॉलिसीची तारीख, एवढं आजच तपासा.

मला सहा वर्षांपासून शुगर आहे. एजंटला तोंडी सांगितलं होतं. शेड्युलमध्ये आधीच्या आजाराच्या रकान्यात ‘निल’ आहे. एजंट म्हणतो, काही होत नाही.
होतं. महिन्यातून निदान एक पत्र याच तक्रारीचं असतं, आणि बहुतेक वेळा तोवर क्लेम फेटाळलेला असतो. पॉलिसीसोबत तुमच्या प्रपोजल फॉर्मची प्रत जोडलेली असते, ती काढा. ‘मधुमेह आहे का?’ यापुढे ‘नाही’ असेल, तर बटण एजंटने दाबलेलं असलं तरी उत्तर तुमच्या नावावर आहे. उद्या तुम्ही ॲडमिट झालात की डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘के/सी/ओ डीएम, सहा वर्षे’, म्हणजे सहा वर्षांपासून मधुमेह, असं लिहितील. कंपनी तो कागद आणि तुमचा फॉर्म शेजारी ठेवते. मग नुसता क्लेमच नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय असा आक्षेप घेता येत नाही, पण त्या भरवशावर गप्प बसणं म्हणजे जुगार.

एजंटला व्हॉट्सॲप करून भागणार नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पॉलिसी क्रमांक, आजार केव्हापासून आणि चालू गोळ्या लिहून पाठवा, दुरुस्तीचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, मागा. कंपनी हप्ता वाढवेल, या आजारासाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्यात त्याचा क्लेम मिळत नाही असा काळ, लावेल (जास्तीत जास्त तीन वर्षं) किंवा नकारही देईल. अटी पटल्या नाहीत आणि पॉलिसी नवी असेल, तर ती हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. नकार आला तर दुसरीकडे अर्ज करण्याआधी सल्लागाराला सगळे कागद दाखवा.

नूतनीकरणाला विमा रक्कम 5 लाखांवरून 10 लाख केली. प्रतीक्षाकाळ संपलाय ना?
जुन्या 5 लाखांपुरता. वाढवलेल्या 5 लाखांना तो नव्याने लागू शकतो. नव्या शेड्युलमध्ये दोन्हींच्या तारखा वेगळ्या दिसतात का ते पाहा, नसल्यास लेखी विचारा.

खोलीभाड्याची मर्यादा 5,000 आहे. 8,000 ची खोली घेतली तर वरचे 3,000 रोजचे भरले की झालं?
नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरची फी, शस्त्रक्रियेचा खर्च यांवरही त्याच प्रमाणात, म्हणजे आठात पाच, कात्री लागते. 80,000 च्या अशा खर्चातले 50,000 च मिळतील. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांवर ही कात्री लागत नाही. तुमच्या पॉलिसीत हे कलम आहे का, ते ॲडमिट होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.

हातमोज्यांचे पैसे का कापले?
शेवटच्या परिशिष्टात न मिळणाऱ्या वस्तूंची यादी आहे. ती वाचा.