हिमोग्लोबिन पाहणीनंतर सहभागी महिलांना काय लिहायचं?

प्रश्न: प्रबंधासाठी एका गावात 120 महिलांचं हिमोग्लोबिन तपासलं, त्यांना आभारपत्र द्यायचंय. कुणीही गरोदर नव्हत्या. 66 जणींचं 12 च्या खाली, तिघींचं 8 च्याही खाली. जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्या 80 पैकी 48 जणींचं कमी, बाकी 40 पैकी 18 जणींचं. ‘चहामुळे रक्त कमी होतं असं आढळलं’ हे लिहू ना?

उत्तर: नका लिहू. चहा घेणाऱ्यांत 60 टक्के आणि इतरांत 45 टक्के हा फरक डोळ्यांत भरतो खरा, पण तुमच्या आकड्यांवर काय-स्क्वेअर चाचणी केली तर पी मूल्य साधारण 0.12 येतं. म्हणजे चहाचा काहीच संबंध नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात बारा वेळा दिसला असता. शिवाय दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच वेळी मोजल्या. लगेच चहा घेणाऱ्या बायकांचं जेवणच अपुरं असेल, तर दोष चहाचा की ताटाचा, हे या पाहणीतून कळत नाही.

चहामुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं, हे मात्र आधीच्या संशोधनातून माहीत आहे. तो सल्ला जरूर द्या, फक्त तो आपला निष्कर्ष म्हणून खपवू नका.

पत्रातला मजकूर असा ठेवता येईल:

‘तुम्ही वेळ दिलात, रक्ताचा नमुना दिलात, त्याबद्दल आभार. आम्ही 120 जणींना तपासलं. दर वीस जणींमागे अकरा जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन हवं त्यापेक्षा कमी होतं. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान 12 असावं लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्यांत कमी रक्ताच्या बायका थोड्या जास्त दिसल्या, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो. तरीही जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलेलं चांगलं. रक्त कमी का झालं, हे या एका तपासणीतून समजत नाही. त्यासाठी आरोग्य केंद्रात दाखवा.’

टक्क्यांऐवजी ‘वीसमागे अकरा’ मुद्दाम लिहिलंय, वाचून दाखवताना ते चटकन कळतं. ‘लक्षणीय फरक’ हा शब्द टाळा. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा, गावात तो ‘खूप मोठा’ असाच ऐकला जाईल.

त्या तिघींचा आकडा पत्रात नको. लहान गावात ‘तिघी’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत नावं ठरतात, बहुधा चुकीची. वाडीनिहाय फोडही त्याच कारणाने वगळा. 8 च्या खालचा अ‍ॅनिमिया तीव्र समजतात. त्यांना अजून सांगितलं नसेल तर पत्राची वाट पाहू नका, आजच एकेकीला खासगीत भेटून चिठ्ठीसह डॉक्टरांकडे पाठवा. बाकी प्रत्येकीचा आकडा बंद पाकिटात, तिच्याच हातात द्या. सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाती नको. आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर पत्र टाकायचं तर गट फक्त सहभागी महिलांचा करू नका, त्या यादीवरूनच कोण तपासलं गेलं ते उघड होतं.