महिन्याचे ट्रेड तपासताना चूक नेमकी कुठली, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: महिनाभराचे इंट्राडे ट्रेड समोर घेऊन बसलोय. कधी स्टॉप सरकवलाय, कधी घाबरून लवकर बाहेर पडलोय. बरेच ट्रेड नफ्यात असूनही खातं तोट्यात आहे. नेमकी कुठली चूक पैसे खातेय ते कसं शोधायचं?

उत्तर:

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सकाळी दोन तास ट्रेडिंग, मग दुकान. दोन वर्षांपूर्वी माझं अगदी तुमच्यासारखंच होतं आणि मला पक्कं वाटायचं की माझी चूक म्हणजे लवकर बाहेर पडणं. शेअर विकला की तो वर पळायचा आणि रात्री जेवताना तेच डोक्यात. हिशेब मांडल्यावर वेगळंच निघालं.

तुम्ही बहुतेक ब्रोकरकडून ट्रेडबुक उतरवून घेतलं असेल. त्यात फक्त झालेले सौदे असतात. स्टॉप आधी कुठे होता आणि तुम्ही तो किती वेळा सरकवला, याचा मागमूस तिथे नसतो. ऑर्डरबुकात बदललेली ऑर्डर दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती त्याच दिवसापुरती. म्हणून साडेतीननंतर ऑर्डरबुकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रेड घेतानाच मूळ स्टॉप आणि टार्गेट वहीत लिहा. मागच्या महिन्याचं लिहिलेलं नसेल तर आता आठवून भरू नका. आठवणीतला स्टॉप नेहमी सोयीच्या जागी असतो. आणखी एक बारीक गोष्ट: 200 शेअरची एक ऑर्डर ट्रेडबुकात तीन-चार ओळींत तुटून येते. ऑर्डर क्रमांक बघून त्या ओळी एकत्र करा, नाहीतर ट्रेडची संख्याच चुकते.

आता मुख्य काम. आमच्याकडे रोजमेळात तारखेप्रमाणे लिहितात आणि मग खतावणीत खातेवार चढवतात. कोणाकडे किती येणं आहे ते रोजमेळ चाळून कधीच कळत नाही. तुमची ट्रेडची यादी म्हणजे रोजमेळ आहे. तिची खतावणी करा, खाती तीनच: ठरल्याप्रमाणे संपलेले, नफ्यात लवकर सोडलेले, आणि स्टॉप तोट्याच्या बाजूला सरकवलेले. (नफ्यात आल्यावर स्टॉप मागोमाग वर नेणं यात धरू नका, ती चूक नव्हे.)

प्रत्येक ट्रेडपुढे दोन आकडे लिहायचे. एक, प्रत्यक्ष काय झालं. दुसरा, मूळ स्टॉप आणि टार्गेटला हात लावला नसता तर काय झालं असतं. दुसरा आकडा पाच मिनिटांचा चार्ट उघडून काढायचा: आधी काय लागलं, स्टॉप की टार्गेट? एकाच कॅन्डलमध्ये दोन्ही आले तर स्टॉप लागला असंच धरा, स्वतःला झुकतं माप देऊ नका. आकडे रुपयांत न लिहिता मूळ जोखमीच्या पटीत लिहा, ट्रेडर लोक त्याला आर म्हणतात. माझी जोखीम ट्रेडला 1,000 रुपये होती, म्हणजे 1 आर. टार्गेट 2 आर.

माझ्या त्या महिन्यात 30 ट्रेड होते, त्यातले 17 नफ्यात. ठरल्याप्रमाणे संपलेले 14: नऊ स्टॉप, पाच टार्गेट, म्हणजे अधिक 1 आर. लवकर सोडलेले 11, त्यांतून मिळाले 6.6 आर. ते तसेच ठेवले असते तर सहा टार्गेटला पोचले असते आणि पाच उलटून स्टॉपला गेले असते, म्हणजे 7 आर. ज्या चुकीसाठी महिनाभर स्वतःला शिव्या दिल्या, तिची किंमत निघाली 0.4 आर. चारशे रुपये!

स्टॉप सरकवलेले फक्त पाच. जागचे हलवले नसते तर पाचही स्टॉपला जाऊन उणे 5 आर झाले असते. प्रत्यक्षात चारांनी मिळून उणे 9.4 नेले आणि एक परत फिरून टार्गेटला गेला, अधिक 2. एकूण उणे 7.4. म्हणजे 2.4 आर जादा गेले. महिन्याची बेरीज आली 0.2 आर, म्हणजे 200 रुपये. ब्रोकरेज, एसटीटी वगैरे खर्च सुमारे 2,400, म्हणून खातं 2,200 रुपयांनी खाली. काहीच हलवलं नसतं तर 3 आर मिळाले असते आणि खर्च जाऊन 600 रुपये हातात राहिले असते. फार नाही, पण तोटा नाही.

तो जिंकलेला ट्रेड पाचांतला पहिला होता, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यातला. सवय त्यानेच लावली. बाकीचे चार त्याच्या भरवशावर सरकवले.

इथे थांबू नका, त्या खात्यातले ट्रेड एकेक करून चार्टवर उघडा. माझा सगळ्यात वाईट ट्रेड असा होता: 640 ला 200 शेअर घेतले, स्टॉप 635. भाव 635.40 ला आला तसा स्टॉप 631 ला नेला, मग 627 ला. शेवटी वैतागून 624.50 ला हातानेच विकले. 15.50 गुणिले 200, म्हणजे 3,100 रुपये, 3.1 आर. चार्ट नीट बघितला तेव्हा दिसलं की सकाळचा तळ 631.60 ला होता. स्टॉप त्याच्याखाली, 631 ला हवा होता. मग मी 635 का ठेवला? कारण मला 200 शेअर घ्यायचे होते आणि हजाराला 200 ने भागलं की पाच येतात. संख्या आधी ठरवली आणि स्टॉप तिच्या मापाने कापला. तो स्टॉप नेहमीच्या हेलकाव्यातच बसला होता, तो जवळ येणारच होता आणि मी हलवणारच होतो. पाचांपैकी तीन ट्रेडमध्ये हेच निघालं.

म्हणून मी 'स्टॉप हलवायचा नाही' असा नियम लिहिला नाही, तो आधीपासून भिंतीवर होताच. क्रम बदलला. आधी चार्टवर स्टॉपची जागा, मग अंतर, मग हजार भागिले अंतर. वरच्या उदाहरणात 9 रुपये अंतर, म्हणजे 111 शेअर. तो ट्रेड तरीही तोट्यात गेला असता, पण 999 रुपयांत.

लवकर बाहेर पडण्याबद्दल मात्र एका महिन्यावरून काही बदलू नका. माझ्या त्या अकरांपैकी फक्त एक ट्रेड टार्गेटऐवजी स्टॉपला गेला असता, तर 7 आरचे 4 झाले असते आणि लवकर सोडणंच फायद्याचं दिसलं असतं. इतक्या कमी ट्रेडवर तो निकाल लागत नाही. मी ते खातं तीन महिने तसंच उघडं ठेवलं. स्टॉपचं वेगळं आहे. तिथे तोट्याला तळ नसतो, म्हणून पाच ट्रेडसुद्धा पुरेसे होतात.

पुढच्या महिन्यात माझ्या तिसऱ्या खात्यात दोन ट्रेड आले. दोन्हींत शेअरची संख्या बरोबर होती. हलवले ते दुकानात काट्यावर उभं राहून मोबाईलवर. त्यानंतर दुकानात जायच्या आधी सगळं मोकळं करतो.